लाईट बिलाचा स्लॅब: घरच्या मीटरवर धंदा चालवताना एका युनिटची खरी किंमत कशी काढायची

कॉस्टिंगच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की घरच्या मीटरवर चालणाऱ्या धंद्यात विजेचा खर्च 'बिल भागिले युनिट' असा धरू नका. व्हिडिओत ते दोन मिनिटांत उरकलं होतं. आज तेच वही-पेन घेऊन नीट करू. गणित सातवी-आठवीचंच आहे, स्पर्धा परीक्षेतही येतं: 'पहिल्या १०० युनिटला अमुक दर, पुढच्या २०० ला तमुक दर, तर ३६० युनिटचं बिल किती?' परीक्षेत हे एक-दोन मार्कांचं गणित असतं. धंद्यात त्यावर ऑर्डर घ्यायची की सोडायची हे ठरतं.

उदाहरण आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं घेतो. नाव सांगत नाही, आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत. ताई घरी बीट, कांदा, मेथी असं वाळवून विकतात. त्यासाठी ट्रे लावायचा छोटा इलेक्ट्रिक ड्रायर घेतला आहे. एका हेल्थ फूडच्या दुकानदाराने त्यांच्याकडे वाळवलेल्या बिटाच्या चकत्या मागितल्या. महिन्याला १५ किलो, भाव ४०० रुपये किलो. ताईंचा प्रश्न साधा होता, "दादा, ४०० ला परवडेल का?"

आधी दर समजून घेऊ

महावितरणच्या घरगुती बिलात महिन्याच्या युनिटचे चार टप्पे असतात: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. दर वेळोवेळी बदलतात, ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांचे दर वेगळे आहेत. म्हणून मी इथे गोल आकडे धरतो. तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरचे दर घाला, पद्धत तीच राहील.

पहिल्या १०० युनिटना ६ रुपये, पुढच्या २०० ना ११ रुपये, त्यापुढच्या २०० ना १५ रुपये आणि ५०० च्या वर १७ रुपये. हा दर 'वीज आकार' आणि 'वहन आकार' मिळून आहे. बिलावर हे दोन वेगळ्या ओळींत दिसतात. बरेच जण फक्त वीज आकाराचा दर बघतात आणि वहन आकार विसरतात. तो प्रत्येक युनिटला लागतो, त्यामुळे दोन्हींची बेरीज करूनच पुढे जा.

याशिवाय 'स्थिर आकार' असतो, तो युनिट कितीही जळले तरी येतो. तो १३० रुपये धरू. आणि शेवटी या सगळ्यावर 'वीज शुल्क', घरगुतीला १६ टक्के. इंधन समायोजन आकार महिन्या-महिन्याला बदलतो, तो आज बाजूला ठेवतो. तुमच्या बिलावर असेल तर प्रति युनिट दरात मिळवा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "तीनशेच्या वर एक युनिट जरी गेलं ना, तर सगळ्या युनिटला वरचा दर लागतो." हे मला प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी सांगतं, आणि अगदी खात्रीने सांगतं. महावितरणच्या घरगुती बिलात असं होत नाही. ३०१ वं युनिट १५ रुपयांचं, पण पहिली ३०० आपल्या जुन्याच दराने. म्हणजे तीनशेची रेषा एका युनिटने ओलांडली तर बिल १५ रुपये अधिक वीज शुल्क, असे १७ रुपये ४० पैसे वाढतं. बस. माठ भरताना जसं आधी तळ भरतो आणि मग पाणी वर चढतं तसं आहे. वरचं पाणी महाग असलं म्हणून तळातल्या पाण्याचा भाव बदलत नाही.

हा गैरसमज अगदी हवेतून आलेला नाही. काही ठिकाणी तशी पद्धत आहेच. केरळमध्ये घरगुती वापर महिन्याला २५० युनिटच्या वर गेला की टप्पे जातात आणि सगळ्या युनिटना एकच वरचा दर लागतो. म्हणून गणित सुरू करण्याआधी हा एक प्रश्न विचारायचाच: वरचा दर फक्त वरच्या युनिटना, की सगळ्यांना? परीक्षेतल्या गणितातही 'पुढील' किंवा 'त्यावरील' हा शब्द बघा, अर्धं उत्तर त्या शब्दात असतं.

ताईंच्या घरचं बिल, ड्रायर नसताना

घरचा वापर महिन्याला २१० युनिट. दोन फ्रिज नाहीत, एसी नाही, साधं घर.

पहिली १०० युनिट, ६ रुपयांनी ६०० रुपये. राहिली ११० युनिट, ती दुसऱ्या टप्प्यात मावतात, ११ रुपयांनी १,२१० रुपये. बेरीज १,८१०. त्यात स्थिर आकार १३०, झाले १,९४०. त्यावर १६ टक्के वीज शुल्क ३१०.४०. एकूण बिल २,२५० रुपये ४० पैसे.

ताईंनी हे बिल २१० ने भागलं. १० रुपये ७२ पैसे आले. "म्हणजे मला युनिट पावणेअकराला पडतं," असं त्यांनी वहीत लिहिलं होतं. आता हाच आकडा त्यांनी बिटाच्या कॉस्टिंगमध्ये घातला.

ड्रायर किती खातो हे त्यांनी छान मोजलं होतं, ते सांगतो कारण सगळ्यांनी असंच करावं. मशीनच्या पाटीवरचे वॅट बघून तास गुणायचे नाहीत. तापमान गाठलं की हीटर बंद होतो, पुन्हा चालू होतो, त्यामुळे पाटीवरून काढलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. ताईंनी एक दिवस सकाळी घरातलं बाकी शक्य ते सगळं बंद केलं, मीटरचं रीडिंग लिहिलं, एक घाणा पूर्ण वाळवला आणि पुन्हा रीडिंग लिहिलं. फ्रिज बंद करता येत नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ नुसता फ्रिज चालू ठेवून त्याची युनिट वजा केली. ८ किलो सोललेल्या बिटाच्या चकत्यांना साधारण १० युनिट लागली आणि १ किलो सुका माल निघाला. बिटात पाणीच जास्त, ७ किलो पाणी उडवायचं तर एवढी वीज लागणारच.

म्हणजे १५ किलोच्या ऑर्डरला १५० युनिट.

ताईंचं कॉस्टिंग एका किलोला असं होतं: ९ किलो कच्चं बीट २० रुपयांनी १८० रुपये, पाकीट आणि पोचवणी ३० रुपये, मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी ६० रुपये. झाले २७०. वीज १० युनिट, १०.७२ ने १०७ रुपये २० पैसे. एकूण ३७७ रुपये २० पैसे. भाव ४००. किलोमागे जवळजवळ २३ रुपये सुटतात, १५ किलोला साडेतीनशेच्या आसपास. फार नाही, पण पहिली घाऊक ऑर्डर आहे, घ्यावी असं त्यांना वाटत होतं.

ड्रायर चालू झाल्यावरचं बिल

आता एकूण वापर २१० अधिक १५०, म्हणजे ३६० युनिट.

पहिली १०० युनिट ६०० रुपये. पुढची २०० युनिट, ११ रुपयांनी २,२०० रुपये. राहिली ६०, ती तिसऱ्या टप्प्यात, १५ रुपयांनी ९०० रुपये. बेरीज ३,७००. स्थिर आकार मिळवून ३,८३०. वीज शुल्क ६१२.८०. एकूण ४,४४२ रुपये ८० पैसे.

दोन बिलांतला फरक काढा. ४,४४२.८० वजा २,२५०.४०, म्हणजे २,१९२ रुपये ४० पैसे. हा फरक १५० युनिटचा आहे. एका युनिटला पडले १४ रुपये ६२ पैसे.

दहा बाहत्तर नव्हे, चौदा बासष्ट. कारण उघड आहे. सहा रुपयांची स्वस्त १०० युनिट घरच्या पंख्याने, फ्रिजने, टीव्हीने आधीच वापरून टाकली. दुसऱ्या टप्प्यातलीही ११० गेली. ड्रायरच्या वाट्याला दुसऱ्या टप्प्यातली उरलेली ९० आणि तिसऱ्या टप्प्यातली ६० आली. ९० गुणिले ११ म्हणजे ९९०, ६० गुणिले १५ म्हणजे ९००, बेरीज १,८९०, त्यावर १६ टक्के. तेच २,१९२.४०. स्थिर आकार यात येतच नाही, कारण तो ड्रायर नसतानाही भरायचाच होता.

आता कॉस्टिंग पुन्हा मांडा. २७० अधिक विजेचे १४६ रुपये २० पैसे, एकूण ४१६ रुपये २० पैसे. भाव ४००. किलोमागे १६ रुपये तोटा. तेच बीट, तेच मशीन, तीच ऑर्डर. फक्त भागाकार बदलला आणि २३ रुपयांचा नफा गेला.

हे लक्षात का येत नाही ते सांगतो. बीट घेताना पैसे रोख जातात, मजुरी रोख जाते, पण विजेचे पैसे महिन्याने घरच्या बिलातून जातात, तेही बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या मोबाईलवरून. ताईंच्या गल्ल्यात १५ किलोचे ६,००० रुपये दिसतात. घरात मात्र "यंदा लाईट बिल फार आलं" एवढंच ऐकू येतं.

काही जण थोडी सुधारणा करतात. ड्रायर चालू झाल्यानंतरचं बिल घेतात आणि ३६० ने भागतात. ४,४४२.८० भागिले ३६०, म्हणजे १२ रुपये ३४ पैसे. हेही चूकच. या पद्धतीत घरच्या स्वस्त युनिटचा फायदा धंद्याला फुकट मिळतो आणि धंद्याच्या महाग युनिटचा थोडा भार घरावर पडतो. धंद्याने घराकडून उसने घेतले असं समजा. घर एकच आहे, पैसा कुठे जातोय हे तरी कळायला हवं की नाही?

तर रीत अशी: धंद्याशिवायचं बिल काढा, धंद्यासकटचं बिल काढा, फरकाला धंद्याच्या युनिटनी भागा. सरासरी नको, फरक हवा.

टॅक्सीत सरासरी चालते, इथे का नाही?

भागाकाराची ही सवय आपल्याला बहुतेक टॅक्सी-रिक्षाने लावली आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं फेब्रुवारी २०२५ पासूनचं भाडं बघा: पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. ८ किलोमीटरचं भाडं काढायचं तर ३१ अधिक साडेसहा गुणिले २०.६६, म्हणजे १६५ रुपये २९ पैसे. आता ३१ ला दीडने भागा. २०.६७ येतात. म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरचा दर आणि पुढचा दर जवळजवळ एकच आहे. दोन टप्पे दिसतात, पण एकदा दीड किलोमीटर ओलांडलं की कुठलाही किलोमीटर तेवढ्यालाच पडतो. तिथे सरासरी काढली काय आणि शेवटच्या किलोमीटरचा दर घेतला काय, उत्तर सारखंच.

लाईट बिलात वरचा टप्पा खालच्याच्या जवळजवळ दुप्पट-अडीचपट आहे. तिथे सरासरी फसवते. टप्प्यांचे दर एकमेकांपासून जितके लांब, तितकी सरासरी जास्त फसवते, एवढं बघून घ्या. कुरिअरच्या वजनाचे टप्पे असोत की पाणीपट्टी, आधी हे तपासा.

पटकन काढायची पद्धत

दर वेळी तीन-तीन गुणाकार नको असतील तर प्रत्येक टप्पा पूर्ण भरला की किती रुपये होतात ते एकदाच लिहून ठेवा. १०० पर्यंत ६००, ३०० पर्यंत २,८००, ५०० पर्यंत ५,८००. आता ३६० आले की ३०० चे २,८०० उचला आणि वरच्या ६० चे ९०० मिळवा. ४३० आले तर २,८०० अधिक १३० गुणिले १५. मी हे तीन आकडे दुकानात कॅल्क्युलेटरच्या मागे चिकटवून ठेवले आहेत.

एक्सेल किंवा गुगल शीट वापरत असाल तर B1 मध्ये युनिट लिहा आणि दुसऱ्या चौकटीत हे टाका:

```
=B1*6+MAX(0,B1-100)*5+MAX(0,B1-300)*4+MAX(0,B1-500)*2
```

यात ५, ४, २ कुठून आले? सगळ्या युनिटना आधी ६ रुपये लावले. १०० च्या वरच्यांना ११ लागतात, म्हणजे ५ जास्त. ३०० च्या वरच्यांना १५, म्हणजे आणखी ४ जास्त. ५०० च्या वर आणखी २. प्रत्येक पायरीवर फक्त वाढ मिळवायची. तुमचे दर वेगळे असतील तर वजाबाक्या करून हे आकडे बदला. आलेल्या उत्तरात स्थिर आकार मिळवा आणि १.१६ ने गुणा. तपासायला ३६० टाका, ३,७०० यायला हवेत.

उन्हाळ्यात तेच मशीन महाग पडतं

ताईंना मी पुढचा प्रश्न विचारला, "मे महिन्यात घरचं युनिट किती येतं?" कूलर लागतो, पंखे रात्रंदिवस. २८० म्हणाल्या.

मग मे महिन्यात ड्रायरच्या वाट्याला काय येईल? दुसऱ्या टप्प्यातली फक्त २० युनिट उरली. बाकी १३० थेट १५ रुपयांच्या टप्प्यात. २० गुणिले ११ म्हणजे २२०, १३० गुणिले १५ म्हणजे १,९५०, बेरीज २,१७०, वीज शुल्कासकट २,५१७ रुपये २० पैसे. युनिटला १६ रुपये ७८ पैसे. किलोमागे वीज १६७ रुपये ८० पैसे, म्हणजे एका किलोचा खर्च ४३८ च्या जवळ.

ड्रायर तोच, १० युनिटच खातो. महाग झालं ते घरच्या कूलरमुळे. म्हणून भाव ठरवताना वर्षातला एक महिना धरून चालत नाही. निदान दोन बिलं समोर घ्या, एक थंडीतलं आणि एक मे महिन्यातलं.

आणि यात एक गंमत आहे. ज्या महिन्यात वीज सगळ्यात महाग पडते त्याच महिन्यात गच्चीवरचं ऊन फुकट असतं. आपल्या आई-आजी वाळवणं चैत्र-वैशाखात उगीच करत नव्हत्या. बीट पूर्ण उन्हात वाळवलं तर रंग उतरतो ही ताईंची अडचण खरी आहे. पण जाळीखाली पातळ कापडात दिवसभर ठेवून अर्धं पाणी उडवलं आणि मग ड्रायरमध्ये घातलं तर १० युनिटची निम्मी होऊ शकतात. किती होतात ते पुन्हा मीटरवर मोजायचं, अंदाजाने नाही.

३०० ची दुसरी रेषा

आता ती गोष्ट जी ताईंना माहीतच नव्हती, आणि घरातून धंदा करणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते.

घराच्या एका भागात छोटा व्यवसाय करत असाल तर घरगुती दरानेच बिल येऊ शकतं, पण त्याला मर्यादा आहे. महिन्याला ३०० युनिटपर्यंत, आणि मागच्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटपर्यंत. आर्थिक वर्ष संपलं की वापर तपासला जातो. ३,६०० च्या वर गेलात तर पुढे घरगुती दर लागू राहत नाही.

स्लॅबची ३०० ची रेषा ओलांडली तर फक्त वरची युनिट महाग होतात, हे आपण बघितलं. ही दुसरी रेषा तशी नाही. इथे वर्गच बदलतो, म्हणजे ६ रुपयांची स्वस्त युनिटही हातची जातात. दोन्ही रेषा ३०० वरच असल्यामुळे लोक एकीचा नियम दुसरीला लावतात. 'सगळ्या युनिटला वरचा दर' हा गैरसमज कदाचित इथूनही आला असावा.

ताईंचं वर्ष मांडून बघा. दर महिना ३६० धरले तर १२ महिन्यांचे ४,३२०. मर्यादेच्या वर. घरचा वापर २१० असताना त्यांच्याकडे महिन्याला जागा आहे फक्त ९० युनिटची, म्हणजे ९ किलो बिटाची. १५ ची ऑर्डर कायमची घ्यायची तर ड्रायरसाठी वेगळं कनेक्शन घेण्याचा विचार करावाच लागेल. तिथे स्थिर आकार बराच जास्त असतो, व्यावसायिक वर्गात वीज शुल्कही १६ ऐवजी २१ टक्के. पण छोट्या भाराच्या व्यावसायिक जोडणीला असे युनिटचे टप्पे नसतात, एकच दर. त्यामुळे युनिट थोडी असतील तर ते महाग पडतं आणि युनिट वाढली की परवडू लागतं. तुमचं काम व्यावसायिकमध्ये बसेल की औद्योगिकमध्ये, हे उपविभागीय कार्यालयात लेखी विचारा. शेजारच्याला कोणतं लागलंय यावर जाऊ नका.

तीन महिन्यांची युनिट एकदम आली तर

घराला कुलूप होतं, रीडिंगवाला परत गेला, दोन महिने अंदाजे बिल आलं आणि तिसऱ्या महिन्यात खरं रीडिंग लागलं. असं झालं की एका बिलात तीन महिन्यांची युनिट दिसतात. समजा ६३०, म्हणजे महिन्याला २१०.

ही एका महिन्याची धरून मोजली तर ५०० चे ५,८०० आणि वरच्या १३० चे १७ रुपयांनी २,२१०, एकूण ८,०१० रुपये. पण ही तीन महिन्यांची आहेत, म्हणून टप्पेही तिप्पट व्हायला हवेत. पहिला टप्पा १०० ऐवजी ३०० युनिटचा, त्याचे १,८००. दुसरा २०० ऐवजी ६०० चा, त्यात उरलेली ३३० बसतात, त्यांचे ३,६३०. एकूण ५,४३०. घरचा महिन्याचा १,८१० चा आकडा आठवा, त्याच्या बरोबर तिप्पट. फरक २,५८० रुपयांचा, वीज शुल्क धरून जवळजवळ ३,०००.

यालाच स्लॅबचा फायदा म्हणतात आणि तो मिळायला हवा. मिळालाय का हे ओळखायचं कसं? बिलावर मागील रीडिंगची तारीख आणि चालू रीडिंगची तारीख बघा, मधले महिने मोजा. मग वरच्या पद्धतीने एकदा टप्पे गुणून आणि एकदा न गुणता हिशेब करा. बिलावरचा वीज आकार आणि वहन आकार मिळून कोणत्या उत्तराशी जुळतो ते कळेल. आधी भरलेली अंदाजे बिलंही वजा झाली आहेत ना, तेही बघा. जुळत नसेल तर हाच कागद जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या. "बिल जास्त आलंय" एवढंच बोलून काउंटरवर काही होत नाही, पण मांडलेला हिशेब दाखवला की बोलणं पुढे सरकतं.

मग ताईंनी काय केलं

९ किलोच घ्यायचं ठरवलं. ९० युनिट, सगळी ११ रुपयांच्या टप्प्यात. वीज शुल्कासकट युनिट १२ रुपये ७६ पैसे, किलोला १२७ रुपये ६० पैसे. एकूण खर्च ३९७ रुपये ६० पैसे. म्हणजे ४०० ला विकलं तर किलोमागे अडीच रुपयेसुद्धा नाहीत, आणि त्यात ताईंची स्वतःची मेहनत धरलेलीच नाही. त्यांनी दुकानदाराला ४६० सांगितले, ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्याला ९ किलो, उन्हाळ्याचा भाव वेगळा बोलू असं. दुकानदार ४४० वर आला. ४४० ला किलोमागे ४२ रुपये ४० पैसे राहतात, ९ किलोला ३८१ रुपये ६० पैसे. १५ किलोच्या ऑर्डरवर त्यांनी वहीत मांडलेल्या नफ्यापेक्षा हा जास्त आहे, आणि काम सहा घाण्यांनी कमी.

सरावाला एक उलटं गणित देतो. घरचं बिल वीज शुल्कासकट ४,००० च्या आत ठेवायचं आहे. वरच्याच दरांनी जास्तीत जास्त किती युनिट चालतील? उलट्या क्रमाने जा: आधी १.१६ ने भागा, मग १३० वजा करा, मग २,८०० वजा करून उरलेल्याला १५ ने भागा आणि आलेल्या पूर्ण युनिटमध्ये पहिली ३०० मिळवा. ३३४ यायला हवीत. आलं असेल तर आता तुमचं स्वतःचं बिल घ्या.